मॅटर्निटी लीव्हनंतर रिक्रुटरला मेसेज: 'फ्लेक्झिबल' लिहू नका, तास लिहा

एपिसोड ऐकून झाला असेल तर हा त्याचा लिखित भाग. बोलताना जे तीनदा सांगितलं गेलं ते इथे एकदाच आहे, आणि मी वाचून दाखवलेला मेसेज पूर्ण दिलाय. बऱ्याच जणी बाळाला मांडीवर घेऊन एका कानात इयरफोन लावून ऐकता, तेव्हा लिहून घ्यायला हात मोकळा नसतो, हे मला माहीत आहे.

आजचा विषय अगदी नेमका आहे. बाळंतपणाची रजा संपली, जुनी नोकरी सुटली किंवा सोडावी लागली, आणि आता नवीन कंपनीच्या रिक्रुटरला लिहायचंय. पहिल्या दिवसापासून आठ तास जमणार नाहीत, सुरुवात कमी तासांनी हवी आणि वेळ थोडी आपल्या सोयीची हवी. हे कसं लिहायचं, की समोरचा वाचेल, पुढे पाठवेल आणि हो किंवा नाही असं काहीतरी स्पष्ट सांगेल?

माझी परिस्थिती आधी सांगते, म्हणजे पुढचे आकडे कुठून आले ते कळेल. माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं. कॉम्प्युटरमध्ये बीटेक, जून २०२० पासून पुण्यातल्या एका कंपनीत जावा बॅकएंडचं काम. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं, सव्वा महिना झाल्यावर जळगावला आले. रजा संपली तेव्हा कंपनीने आठवड्यातले तीन दिवस पुण्याच्या ऑफिसात यायला सांगितलं. साडेचार महिन्यांचं अंगावर पिणारं बाळ घेऊन जळगाव-पुणे काही होणार नव्हतं. राजीनामा दिला, साठ दिवसांचा नोटीस पिरियड घरून भरला, आणि मग नवीन शोध सुरू केला.

कायदा कुठपर्यंत सोबत येतो

पहिल्यांदा हे स्पष्ट करू, कारण यावरच मेसेजचा सूर ठरतो. मातृत्व लाभाचा कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि या तरतुदी आता तिच्यात आहेत.

रजेनंतर कामावर आलेल्या आईसाठी यात तीन गोष्टी आहेत. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीशिवाय दिवसातून दोन वेळा दूध पाजण्यासाठी वेळ. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय. आणि कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर घरून काम, पण ते मालक आणि कर्मचारी यांनी आपसात ठरवलेल्या अटींवर.

हा शेवटचा शब्द बघा, 'आपसात'. म्हणजे जुन्या कंपनीतसुद्धा घरून काम हा सरसकट हक्क नाही, ती मागणी आहे. आणि टप्प्याटप्प्याने तास वाढवत नेणं तर या तीनमध्ये कुठेच नाही. नवीन कंपनीला तुम्ही कायद्याचं कलम दाखवून 'मला चार आठवडे अर्धा वेळ द्या' असं म्हणू शकत नाही. हा व्यवहार आहे, आणि व्यवहारात आपण काय देतोय, काय मागतोय, किती दिवसांसाठी मागतोय, हे आपणच मांडायचं असतं.

रिक्रुटर ठरवत नाही, पुढे पाठवतो

धुळ्याच्या देवपूरला माझी एक मैत्रीण आहे, टेस्टिंगमध्ये. तिनेही त्याच सुमारास शोध सुरू केला. तिचा मेसेज असा होता: 'मी मॅटर्निटी ब्रेकनंतर परत काम सुरू करू इच्छिते. बाळ लहान असल्यामुळे फ्लेक्झिबल टायमिंग असलेली संधी हवी. कृपया मदत करावी.' सभ्य, प्रामाणिक मेसेज. उत्तर आलं 'नक्की, बघतो', आणि मग काही नाही. मला फोनवर म्हणाली, "अगं, पाच जणांनी 'बघतो' म्हटलंय. कुठे बघताहेत कोण जाणे!"

रिक्रुटरच्या बाजूने विचार करा. त्याच्याकडे एक जागा असते आणि त्या जागेमागे एक हायरिंग मॅनेजर असतो. तास, वेळ, घरून काम हे मॅनेजर ठरवतो; पगाराची रचना एचआर ठरवतं. रिक्रुटर मधला माणूस. त्याला 'फ्लेक्झिबल' हा शब्द मॅनेजरपर्यंत न्यायचा असेल तर मॅनेजर लगेच विचारणार: म्हणजे किती तास? सकाळी की रात्री? कायमचं की काही महिने? स्टँडअपला असेल का? रिक्रुटरकडे एकाचंही उत्तर नसतं. मग तो तुम्हाला परत विचारण्याऐवजी ज्या उमेदवाराबद्दल प्रश्नच नाहीत तिचं प्रोफाइल पुढे सरकवतो. यात दुष्टपणा नसतो, त्याला दिवसात असे पन्नास मेसेज बघायचे असतात.

म्हणून मेसेज असा हवा की रिक्रुटरने एक अक्षर न बदलता फॉरवर्ड केला तरी मॅनेजरला सगळी उत्तरं मिळतील.

'फ्लेक्झिबल'मध्ये दोन मागण्या लपलेल्या असतात

एक मागणी तासांच्या संख्येची: आठवड्याला ४० ऐवजी २०. दुसरी मागणी तासांच्या जागेची: तास पूर्ण आठ, पण सलग नाहीत, किंवा नऊ ते सहा नाहीत. मॅनेजरच्या डोक्यात या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. तास कमी म्हणजे काम कमी होणार, त्याला स्प्रिंटचं नियोजन बदलावं लागणार. तासांची जागा वेगळी म्हणजे काम तेवढंच होणार, फक्त मीटिंग कधी लावायची हा प्रश्न. दोन्ही एका शब्दात कोंबलं की तो वाईटातला वाईट अर्थ घेतो: कमी तास, तेही कधीही, आणि कायमचे.

मी दोन्ही वेगळ्या केल्या. तासांची संख्या तात्पुरती कमी ठेवली, शेवटची तारीख घालून. तासांची जागा मात्र कायमची मागितली, पण तिच्यात एक पक्का भाग ठेवला. आमच्या घरी सकाळी सासूबाई बाळाजवळ असतात. साडेनऊ ते दीड हे चार तास मी कुठल्याही दिवशी, कुठल्याही परिस्थितीत देऊ शकत होते. तर हा भाग तिन्ही टप्प्यांत हलणार नाही असं ठरवलं. तास वाढतील ते दुपारनंतर. टीमच्या दृष्टीने याचा अर्थ असा की पहिल्या दिवसापासून सकाळचा स्टँडअप आणि रिव्ह्यू यांची वेळ कधीच बदलावी लागणार नाही.

टप्पे चार-चार आठवड्यांचे का? कारण बहुतेक टीम दोन आठवड्यांचे स्प्रिंट चालवतात. चार आठवडे म्हणजे दोन पूर्ण स्प्रिंट. मॅनेजरला 'पहिले दोन स्प्रिंट अर्धी कपॅसिटी, पुढचे दोन पाऊण, मग पूर्ण' असं शीटमध्ये भरता येतं. तीन आठवड्यांचा टप्पा केला तर तो स्प्रिंटच्या मध्येच तुटतो आणि विनाकारण भानगड होते. शिवाय नवीन माणसाचा पहिला महिना तसाही लॅपटॉप, अॅक्सेस आणि कोड समजून घेण्यात जातो, त्यामुळे त्या महिन्यातले अर्धे तास टीमला फार टोचत नाहीत.

कामाचा टप्पा तासांत मोजणं ही काही माझी कल्पना नाही. टाटा समूहाने २००८ मध्ये ब्रेकनंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठी सेकंड करिअर इंटर्नशिप प्रोग्रॅम सुरू केला, तेव्हा प्रोजेक्ट ठरवला तो ५०० तासांचा, साधारण सहा महिन्यांत पसरलेला. म्हणजे आठवड्याला वीसेक तास. आकडा होता म्हणून काम देणाऱ्यालाही आणि करणारीलाही किती वेळ द्यायचाय ते आधीच माहीत होतं.

मेसेज

मी पाठवला तो इंग्रजीत, कारण मॅनेजर चेन्नईचा असू शकतो. मजकूर हाच. कंपनीचं नाव मूळ मेसेजमध्ये होतं, इथे काढलंय.

> विषय: जावा बॅकएंड डेव्हलपर, जॉइनिंग ७ जुलै, पूर्ण वेळ १ सप्टेंबरपासून
>
> नमस्कार,
>
> तुमच्या जावा बॅकएंडच्या जागेसाठी लिहिते आहे. जून २०२० ते मे २०२५ मी पुण्यातल्या कंपनीत होते. स्प्रिंग बूट, पोस्टग्रेस, आणि शेवटची दोन वर्षं पेमेंट सर्व्हिसची जबाबदारी. यात २ सप्टेंबर २०२४ ते २ मार्च २०२५ मॅटर्निटी लीव्ह होती. रिलीव्हिंग लेटर २ मे २०२५ चं आहे, नोटीस पिरियड शिल्लक नाही.
>
> मी जळगावहून घरून काम करेन. ७ जुलैला जॉइन होऊ शकते. सुरुवात अशी हवी आहे:
>
> ७ जुलै ते १ ऑगस्ट: आठवड्याला २० तास, सोमवार ते शुक्रवार ९:३० ते १:३०.
>
> ४ ऑगस्ट ते २९ ऑगस्ट: ३० तास, ९:३० ते १:३० आणि ४ ते ६.
>
> १ सप्टेंबरपासून: ४० तास, ९:३० ते १:३० आणि ३ ते ७.
>
> ९:३० ते १:३० ही वेळ पहिल्या दिवसापासून पक्की. मीटिंग या वेळेत ठेवता येतील. ऑन-कॉलमध्ये १ सप्टेंबरपासून येईन. पुण्याच्या ऑफिसला सप्टेंबरपासून महिन्यातून एकदा येऊ शकते, १५ दिवस आधी कळवल्यास.
>
> पगार: सीटीसी पूर्ण वेळेचा ठरवू. पहिल्या दोन टप्प्यांत तासांच्या प्रमाणात ५० आणि ७५ टक्के मला चालेल.
>
> हा मेल हायरिंग मॅनेजरना असाच फॉरवर्ड केलात तरी चालेल. या चौकटीत ही जागा बसते का, एवढं शुक्रवारपर्यंत कळवाल का?

आता यातली प्रत्येक ओळ का आहे ते नको सांगायला, तीन गोष्टींवर बोलू.

पहिली, रजेच्या तारखा. बऱ्याच जणी रजेचे सहा महिने अनुभवातून वजा करतात आणि सीव्हीत 'करिअर ब्रेक' लिहितात. रजेवर असताना तुम्ही त्या कंपनीच्या कर्मचारीच असता. जून २०२० ते मे २०२५ ही माझी नोकरी, सलग. ब्रेक धरायचाच तर तो २ मेच्या पुढचा, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांचा. आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले रिलीव्हिंग लेटरवरच्या तारखा बघतात. तुम्ही स्वतःहून अलीकडची तारीख लिहिली तर ती जुळणार नाही आणि नसता प्रश्न उभा राहील.

दुसरी, बाळाबद्दल किती लिहायचं. रजेची एक ओळ, बस. बाळाचं वय, कोण सांभाळतं, दूध कधी सुटलं, हे मॅनेजरला नियोजनासाठी लागत नाही. त्याला लागते ती वेळेची हमी, आणि ती 'पक्की' या शब्दात आली. फोनवर रिक्रुटरने विचारलंच, "मॅम, घरी कोणी आहे का बाळाजवळ?", तर उत्तर तेच: "साडेनऊ ते दीड मी रोज उपलब्ध आहे, ते मेलमध्ये दिलंय." भांडायचं नाही, घरची हकीकतही सांगायची नाही.

तिसरी, शेवटचा प्रश्न. 'योग्य संधी असल्यास कळवा' याचं उत्तर कोणी देत नाही. 'या चौकटीत बसते का' याचं उत्तर हो किंवा नाही असतं. मी नऊ जणांना पाठवला. चौघांनी काहीच कळवलं नाही. तिघांनी दोन दिवसांत नाही म्हटलं, त्यांना पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ हवा होता. दोघांशी बोलणं पुढे गेलं. ते तीन नकार मला उपयोगीच पडले, कारण इंटरव्ह्यूच्या तीन फेऱ्या देऊन मग तेच ऐकण्यापेक्षा हे बरं.

पैशांचं गणित, शांतपणे

इथे सगळ्यात जास्त नुकसान होऊ शकतं, म्हणून हिशोब पूर्ण करून बघू. समजा पूर्ण वेळेचा फिक्स्ड पगार वर्षाला १२ लाख. ५२ आठवड्यांनी भागलं की आठवड्याला साधारण २३,०७७ रुपये.

आठ आठवड्यांत पूर्ण वेळेचे तास झाले असते ३२०. टप्प्यांप्रमाणे होतात २००: चार आठवडे २० प्रमाणे ८०, आणि चार आठवडे ३० प्रमाणे १२०. कमी पडले १२० तास, म्हणजे पूर्ण वेळेचे बरोबर तीन आठवडे. तीन आठवड्यांचा पगार ६९,२३१ रुपये. टप्प्याने सुरू करण्याची पूर्ण किंमत एवढीच, वर्षाच्या पगाराच्या सहा टक्क्यांच्याही आत.

आता रिक्रुटर फोनवर काय म्हणतो ते ऐका: "मॅम, तुम्हाला फ्लेक्झिबिलिटी हवी आहे ना, मग आपण सीटीसी साडेनऊ ठेवू." ऐकायला समंजस वाटतं. पण हे अडीच लाख रुपये एका वर्षाचे आहेत, आणि तुम्ही तर १ सप्टेंबरपासून पूर्ण ४० तास देणार आहात. म्हणजे ६९ हजारांच्या सवलतीसाठी अडीच लाख. शिवाय पुढच्या वर्षीची वाढ साडेनऊवर निघणार, आणि पुढच्या नोकरीत पहिला प्रश्न असणार 'सध्याचा सीटीसी किती'. आठ आठवड्यांची गोष्ट अनेक वर्षं मागे लागते. म्हणूनच मेसेजमध्ये क्रम असा आहे: आधी पूर्ण वेळेचा सीटीसी, मग टप्प्यांचं प्रमाण. कमी पगाराची तयारी आपणच दाखवतोय, पण तारखेसह.

ज्या कंपनीशी शेवटी जमलं, तिथल्या एचआरने एक बदल मागितला. पगार आठवड्यावर निघत नाही, महिन्यावर निघतो. त्यांच्या पेरोलमध्ये महिन्याच्या मधोमध टक्केवारी बदलणं अवघड. त्यांनी सुचवलं: जुलै ५० टक्के, ऑगस्ट ७५, सप्टेंबरपासून पूर्ण. फरक पडला तो १ ऑगस्टच्या एका दिवसाचा, तोही माझ्या बाजूने. तुम्ही लिहाल तेव्हा टप्पे शक्यतो महिन्याच्या सुरुवातीला लागून ठेवा, म्हणजे हा एक फोन वाचेल.

कुठे बिनसतं, आणि ते आधी कसं ओळखायचं

पहिली खूण: सगळं फोनवर. 'हो हो, आमच्याकडे खूप फ्लेक्झिबल आहे, काळजीच करू नका.' मग ऑफर लेटर येतं, त्यात कामाची वेळ ९ ते ६ आणि टप्प्यांचा उल्लेख नाही. ज्या मॅनेजरने फोनवर हो म्हटलं तो तीन महिन्यांत दुसऱ्या टीमला गेला की तुमच्याकडे काही उरत नाही. उपाय साधा आहे. फोन झाल्यावर त्याच संध्याकाळी मेल: 'आज ठरल्याप्रमाणे', आणि खाली त्याच तीन ओळी, तारखांसह. ऑफर स्वीकारण्याआधी एचआरला एवढंच विचारायचं की या तीन ओळी लेटरमध्ये येतील की वेगळ्या मेलवर. वेगळ्या मेलवर आल्या तरी चालतं. लेखी यायला हव्यात. दोन्हीला टाळाटाळ झाली, तर उत्तर मिळालं असं समजा.

दुसरी खूण: 'सुरुवातीला कन्सल्टंट म्हणून घेतो, नंतर परमनंट करू.' अर्धा वेळ आहे म्हणून हे सोयीचं वाटतं. पण कन्सल्टंट म्हणजे तुम्ही कंपनीचे कर्मचारी नाही. पीएफ नाही, पगारी सुट्ट्या नाहीत, टीडीएस कापून फी मिळते, आणि वर सांगितलेले कायद्याचे लाभ कर्मचाऱ्यांसाठी आहेत. पुढे दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आणखी एक हिशोब आहे: मातृत्व लाभ मिळायला प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं लागतं. कन्सल्टंट म्हणून काढलेले दिवस तिथे मोजून घेणं म्हणजे वाद. तात्पुरते कमी तास हे पगाराच्या नोकरीतही देता येतात, माझ्याकडे तसंच झालं. त्यामुळे 'नंतर परमनंट' म्हणणाऱ्यांना तारीख विचारा. तारीख नसेल तर तो टप्पा नाही, वेगळी नोकरी आहे.

तिसरी गोष्ट जॉइन झाल्यावरची. २० तासांच्या टप्प्यात काम २० तासांचं मिळतंय का? हे भावनेने नाही, बोर्डवर बघून कळतं. पहिल्या स्प्रिंटच्या शेवटी माझ्या नावावर पूर्ण वेळच्या डेव्हलपरएवढीच कामं लावलेली दिसली. वाईट हेतूने नाही. शीटमध्ये नाव घातलं की कपॅसिटी आपोआप पूर्ण धरली जात होती. मी मॅनेजरला तोच मेल परत पाठवला आणि लिहिलं, 'शीटमध्ये माझी कपॅसिटी ५० टक्के करायची राहिली आहे.' दुसऱ्या स्प्रिंटपासून ठीक झालं. मेलमध्ये आकडा नसता, तर हेच सांगायला 'मला जास्त होतंय' असं म्हणावं लागलं असतं, आणि ते वाक्य प्रोबेशनमध्ये कोणाला म्हणावंसं वाटेल?

तुमची वेळ माझ्यासारखी नसेल तर

देवपूरच्या मैत्रिणीकडे सकाळी कोणीच नसतं. तिची आई दुपारी दीडला शाळेतून येते, मग संध्याकाळपर्यंत बाळाजवळ असते. साडेनऊ ते दीड तिच्या काही उपयोगाचं नव्हतं. तिला वाटलं आपल्याला नोकरी जमणारच नाही. मग आम्ही उलटा विचार केला: दुपारी दोन ते सहा ही कोणाची सकाळ आहे?

लंडनची. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणून आपले दोन ते सहा म्हणजे त्यांचे साडेनऊ ते दीड. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात आणि फरक साडेपाच तासांचा होतो. तेव्हा तेच दोन ते सहा त्यांच्याकडे साडेआठ ते साडेबारा. दोन्ही ऋतूंत ऑफिसची वेळ. तिने ब्रिटिश क्लायंट असलेल्या प्रोजेक्टच्याच जागा शोधल्या आणि मेसेजमध्ये लिहिलं: 'भारतीय वेळ दुपारी २ ते ६ पक्की, ही लंडनची सकाळ.' जी वेळ सांगायला ती लाजत होती, ती मेसेजमधली सगळ्यात भक्कम ओळ झाली. अमेरिकेचा क्लायंट असेल तर मात्र सावध. न्यूयॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ, नेमकी बाळाला झोपवायची वेळ. अशा जागेला हो म्हणण्याआधी रोजची मीटिंग किती वाजता असते हे विचारून घ्या.

आणखी एक खास आपल्या खान्देशातली गोष्ट. घरून काम म्हणजे लाइट आणि नेट आपल्या जबाबदारीवर. जळगावचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. भर दुपारी लाइट गेली की पंखा, राउटर आणि बाळाची झोप एकदमच जातात. मॅनेजर हे इंटरव्ह्यूत विचारतोच. 'इन्व्हर्टर आहे, राउटर त्यावर आहे, नेट गेलं तर मोबाईलचं हॉटस्पॉट' एवढं एक वाक्य तयार ठेवा, आणि ते खरं असू द्या. हे पहिल्या मेसेजमध्ये नको, विचारल्यावर सांगा.

तर मंडळी, मेसेज वर आहे, कॉपी करा. लिहिण्याआधी कागदावर चार गोष्टी काढा: रोज पक्के देता येतील असे तास कोणते, सुरुवातीला आठवड्याला किती, पूर्ण वेळ कुठल्या तारखेपासून, आणि पूर्ण वेळेचा पगार किती हवा. या चारांपैकी तिसऱ्याचं उत्तर सुचत नसेल, तर मेसेज आठवडाभर थांबवा आणि आधी घरच्यांशी बसून ती तारीख ठरवा. कारण रिक्रुटर ती विचारेलच. तुमचा मेसेज लिहून झाला की व्हॉइस नोटने वाचून पाठवा, कंपनीचं नाव न घेता. पुढच्या एपिसोडमध्ये ऑफर लेटरमधल्या प्रोबेशनच्या कलमाबद्दल बोलू.